खांबाची कड: मल्लखांब शॉटच्या स्लो-मोशनच्या नोंदी

9 जानेवारी

आखाड्यावरच्या माहितीपटाचा शेवटचा भाग आता माझ्याकडे आहे. ताईंना (आमच्या दिग्दर्शक) त्यात एकच गोष्ट हवी आहे. पुरलेल्या मल्लखांबाच्या बोंडावर उभा असलेला मुलगा उडी मारून खाली येतो, ती उडी "तरंगल्यासारखी" दिसावी. आत्ता ती एका सेकंदात संपते. त्यांना ती चार सेकंद हवी.

शूटिंग 25 फ्रेमवर झालं आहे, शटर 1/50. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, ही जमेची बाजू. उडी पायाच्या टाचा सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत मोजली तर बरोब्बर 25 फ्रेम भरतात. चार सेकंद करायचे म्हणजे 100 फ्रेम लागणार, आणि त्यातल्या 75 फ्रेम कॅमेऱ्याने कधी पाहिलेल्याच नाहीत. त्या आपण बनवणार. पुन्हा शूटिंग करता येणार नाही, कारण तो मुलगा आता दुसऱ्या गावी शिकायला गेला आहे आणि आखाड्याची ती जुनी भिंतही रंगवून झाली आहे.

10 जानेवारी

टाइमलाइन 25 ची. DaVinci Resolve मध्ये क्लिपचा वेग 25 टक्के केला आणि तिन्ही पद्धती एकाखाली एक लावून पाहिल्या.

`Nearest` मध्ये प्रत्येक फ्रेम चार वेळा दाखवली जाते. हालचाल टप्प्याटप्प्याने होते, पण चित्र खरं राहतं. `Frame Blend` मध्ये शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींवर पातळ करून टाकल्या जातात. मुलाला चार हात दिसतात, दोन गडद आणि दोन फिके. काही स्वप्नातल्या दृश्याला चालेल, इथे नाही. `Optical Flow` लावल्यावर पहिल्या नजरेत मी खुर्चीत सरळ बसलो. मुलगा खरंच तरंगला.

दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा खांब हलला.

हे नीट लिहून ठेवतो. मुलगा उडी मारताना दोन्ही हात बाजूला पसरतो. कॅमेरा थोडा तिरका असल्याने त्याचा डावा हात खांबाच्या मानेवरून, म्हणजे बोंडाच्या खालच्या निमुळत्या भागावरून जातो. हात जिथे जिथे पोहोचतो तिथे खांबाची कड आधीच आत ओढली जाते आणि हात पुढे गेल्यावर मागून परत जागेवर येते. एरंडेल चोळलेलं कठीण लाकूड रबरासारखं वाकतं आणि सुटतं. मुलाकडे बघत राहिलं तर हे चटकन कळत नाही, पण काहीतरी ओलसर, पाण्याखालचं आहे असं वाटत राहतं. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही. त्याला फक्त हे खोटं आहे असं वाटेल.

11 जानेवारी

आज एकेक फ्रेम बाणाच्या बटणाने पुढे सरकवत बसलो. वहीत लिहिल्याशिवाय डोक्यात राहत नाही, म्हणून हे.

ऑप्टिकल फ्लो दोन फ्रेम शेजारी ठेवतं. पहिलीतला प्रत्येक ठिपका दुसरीत कुठे गेला ते शोधतं, त्याची वाट ठरवतं आणि त्या वाटेवर मधल्या जागी तो नेऊन ठेवतं. मुलाच्या पोटावरचा ठिपका वर जाताना दोन्ही फ्रेममध्ये दिसतो, त्यामुळे तिथे काम चोख होतं. खांबाच्या मानेचं तसं नाही. पहिल्या फ्रेममध्ये मानेची डावी कड दिसते, दुसरीत ती हाताआड जाते. दुसऱ्या फ्रेममध्ये नसलेला ठिपका कुठे गेला, याचं उत्तर सॉफ्टवेअरला मिळत नाही. मग ते शेजारच्या ठिपक्यांची वाट त्यालाही देतं. शेजारी हात आहे आणि हात चालला आहे, म्हणून कडही हाताबरोबर चालते. हात निघून गेल्यावर उलटं होतं: नव्याने उघड्या पडलेल्या लाकडाला आधीच्या फ्रेममध्ये जोडीदार सापडत नाही.

म्हणजे खांबात बिघाड नाही, आणि हातातही नाही. बिघाड आहे तो झाकलं जाण्यात आणि उघडं पडण्यात. जिथे एक वस्तू दुसरीसमोरून जाते तिथेच नजर ठेवायची.

आणखी एक खूण सापडली. 25 टक्क्यांवर दर चौथी फ्रेम खरी असते, मधल्या तीन बनवलेल्या. खऱ्या फ्रेमवर मुलाच्या बनियनची शिवण स्पष्ट दिसते, मधल्या तिन्हींवर ती थोडी पुसट होते. म्हणजे सेकंदाला साधारण सहा वेळा चित्र धारदार होतं आणि पुन्हा मऊ पडतं. श्वास घेतल्यासारखं. ही खूण एक फ्रेम थांबवून दिसत नाही, क्लिप चालवावी लागते. उलट खांबाची वाकलेली कड चालत्या क्लिपमध्ये निसटते आणि थांबवल्यावर सापडते. म्हणून दोन्ही प्रकारे पाहायचं, आधी चालवून, मग थांबवून.

13 जानेवारी

आज आकडे मांडले. डोळ्याने जे कळत होतं ते यामुळे जागेवर बसलं.

खांब साधारण अडीच मीटर उंच. मुलगा बोंडावरून आणखी सुमारे 30 सेंटिमीटर वर उसळतो, मग खाली येतो. फ्रेममध्ये वरपासून खालपर्यंत सुमारे पाच मीटर जागा दिसते आणि चित्र 1080 ओळींचं आहे, म्हणजे एका मीटरला जवळपास 216 पिक्सेल.

उडीच्या अगदी माथ्यावर तो क्षणभर थांबतो. तिथून पुढच्या फ्रेमपर्यंत, म्हणजे 1/25 सेकंदात, तो फक्त 8 मिलिमीटर खाली येतो. चित्रात ते दोन पिक्सेलही नाहीत. चौथ्या फ्रेमपर्यंत दर फ्रेमचं अंतर साडेपाच सेंटिमीटर होतं, 12 पिक्सेल. जमिनीला टेकण्याआधीच्या शेवटच्या फ्रेममध्ये मात्र तो एका दमात सुमारे 30 सेंटिमीटर खाली येतो, साठेक पिक्सेल. म्हणजे त्याच एका सेकंदात, त्याच क्लिपमध्ये, दोन फ्रेममधली दरी दोन पिक्सेलपासून साठ पिक्सेलपर्यंत रुंदावते. मी मात्र सगळ्याला सरसकट 25 टक्के लावले होते.

शटरचाही हिशेब इथेच येतो. 1/50 म्हणजे फ्रेमच्या निम्म्या वेळात शटर उघडं. खाली येताना मुलाच्या पायांवर 15 सेंटिमीटरची पुसट रेघ आहे, तीसेक पिक्सेल. नेहमीच्या वेगाने पाहताना ती रेघ हवीच असते, तिच्यामुळे हालचाल सलग वाटते. पण तीच फ्रेम चार पट संथ केली की रेघ तेवढीच लांब राहते आणि हालचाल चौथाई होते. खऱ्या 100 फ्रेमच्या कॅमेऱ्याने ही उडी टिपली असती तर शटर 1/200 च्या आसपास असतं आणि पाय चौपट स्वच्छ दिसले असते. संथ चालणारा पण धुरकट पाय माणसाने कधी पाहिलेला नसतो. म्हणून खालच्या टप्प्यातली स्लो-मो जाळीच्या पडद्याआडून पाहिल्यासारखी वाटते, अगदी एकही कड वाकलेली नसली तरी.

माथ्यावर ही अडचण नाही. तिथे मुलगा हललाच नाही, म्हणून धूसरही झाला नाही.

16 जानेवारी

ताईंचा फोन आला. चार सेकंद जमत नसतील तर 40 टक्के करून बघ म्हणाल्या, मधला मार्ग. मी करून पाहिलं आणि ते 25 पेक्षा वाईट निघालं. का ते त्यांना समजावून सांगितलं, इथेही लिहितो.

50 टक्क्यांवर नव्या क्लिपची फ्रेम मूळ क्लिपच्या 0, अर्धा, 1, दीड, 2 अशा जागांवर पडते, म्हणजे दर दुसरी फ्रेम खरी. 25 वर दर चौथी. 40 वर जागा येतात 0, 0.4, 0.8, 1.2, 1.6 आणि मग 2. पाचातली एकच फ्रेम खरी, चार बनवलेल्या. वेग जास्त असूनही खऱ्या फ्रेम कमी! वर मधल्या अंतरांचा भाग सारखा बदलत राहतो, त्यामुळे मऊपणाही अनियमित येतो. आकडा निवडताना मूळ फ्रेम किती पूर्ण जागांवर पडतात हे आधी बघायचं. माझ्यासाठी तरी 50 आणि 25 हेच दोन आकडे उरले.

वेगाची वक्ररेषा वापरली तर सगळ्याच फ्रेम अपूर्ण जागांवर पडतात हेही त्यातच आलं. वळण लहान ठेवायचं, दोन-तीन फ्रेमचं, आणि संथ भाग पूर्ण फ्रेमवर सुरू करायचा.

18 जानेवारी

आज काम वेगळ्याच दिशेने सरकलं. माहितीपटात आखाड्यात शिकवणाऱ्या सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांची 2004 सालची काही दृश्यं आहेत. आम्हाला मिळालेली फाइल 25 फ्रेमची एमपी-फोर होती. तीही संथ करून बघितली तर प्रत्येक हालचालीला सावलीसारखी दुसरी प्रत चिकटलेली. वाटलं, जुनं फुटेज, असंच असणार. मग एक फ्रेम मोठी करून पाहिली. दोन प्रतींमध्ये हाताची जागा वेगळी होती. म्हणजे ती सावली नव्हती, हात दोन वेगळ्या क्षणी टिपलेला होता.

सरांना फोन केला, "सर, मूळ कॅसेट आहे का?" ते म्हणाले, "कपाटात असेल, शोधून ठेवतो." संध्याकाळी मिनी-डीव्हीची कॅसेट हातात आली. डेकवरून फायरवायरने जशीच्या तशी उतरवून घेतली.

त्या काळचा आपल्याकडचा डीव्ही कॅमेरा सेकंदाला 25 पूर्ण चित्रं टिपत नसे. तो 50 अर्धी चित्रं टिपे. आधी एकाआड एक ओळींचं अर्ध, मग 1/50 सेकंदाने उरलेल्या ओळींचं. एमपी-फोर बनवणाऱ्याने ती दोन अर्ध एकमेकांत मिसळून टाकली आणि निम्मे क्षण हरवले. कॅसेटवर ते तसेच शाबूत आहेत. प्रत्येक अर्धाची एक पूर्ण फ्रेम करायची:

```
ffmpeg -i tape.avi -vf bwdif=mode=send_field \
  -c:v prores_ks -profile:v 3 fifty.mov
```

`send_field` हा शब्द महत्त्वाचा. `send_frame` लिहिलं असतं तर 25 च फ्रेम मिळाल्या असत्या. आता फाइल 50 फ्रेमची झाली. `Clip Attributes` मध्ये जाऊन तिचा वेग 25 केला की ती निम्म्या गतीने चालते, आणि एकही क्षण बनवलेला नाही. उभ्या दिशेतला तपशील थोडा कमी झाला, कारण प्रत्येक फ्रेमच्या निम्म्या ओळी शेजारून भरलेल्या आहेत, पण प्रत्येक हालचाल खरी आहे. वीस वर्षांपूर्वीचा तो मुलगा अढी बांधून खांबाला वेटोळं घालतो आणि खांब जागेवरून तसूभर हलत नाही. मी ती क्लिप पाच-सहा वेळा पाहिली.

फ्रेम बनवायला बसण्याआधी खऱ्या फ्रेम कुठे दडल्या आहेत का हे तपासायला हवं होतं, ते आता यादीत पहिलं. फोनवर 50 किंवा 60 वर टिपलेली क्लिप 25 च्या टाइमलाइनवर टाकली की निम्म्या किंवा त्याहून जास्त फ्रेम नुसत्या गाळल्या जातात, तिथेही हेच. आणि उलटा धोकाही: 25 चं फुटेज कुणी 30 करून पाठवलं असेल तर त्यात दर सहावी फ्रेम आधीचीच पुन्हा आलेली असते. ऑप्टिकल फ्लो त्या जोडीला "काही हललं नाही" असं समजतं आणि संथ क्लिप ठेचकाळत चालते. आधी त्या दुहेरी फ्रेम काढायच्या, मगच पुढे.

19 जानेवारी

कॅसेटमुळे एक चाचणी शक्य झाली, जी 25 फ्रेमच्या शॉटवर करता येत नव्हती. आता माझ्याकडे 50 खरे क्षण आहेत. त्यातले निम्मे लपवले, ऑप्टिकल फ्लोला ते बनवायला लावले, आणि बनवलेले खऱ्यांशी ताडून पाहिले.

```
ffmpeg -i fifty.mov -vf framestep=2 \
  -c:v prores_ks -profile:v 3 half.mov
```

`half.mov` टाइमलाइनवर 50 टक्क्यांनी संथ केली. तिच्यावर `fifty.mov` 25 च्या वेगाने ठेवली आणि वरच्या क्लिपला `Difference` लावलं. दोन्ही सारखं असेल तिथे काळं दिसतं, चुकलं असेल तिथे उजेड. दर दुसरी फ्रेम अर्थातच पूर्ण काळी. मधल्या फ्रेम हेच माझं उत्तर. (भिंतीवरच्या स्थिर आडव्या कडांवरही बारीक रेघा चमकल्या. ती चूक फ्लोची नाही. लपवलेल्या फ्रेम दुसऱ्या ओळींपासून बनलेल्या आहेत, म्हणून. त्या सोडून दिल्या.)

मुलगा स्थिर आसनात असताना जवळजवळ काळोख. धड वळताना कडेला बारीक उजेड, चालेल इतका. पण तो झपकन पाय फिरवतो तिथे पोटरी आणि पाऊल पांढरंफटक उजळलं. मूळ फ्रेममध्ये त्या क्षणी पाऊल वरच्या बाजूला पूर्ण दिसतं. बनवलेल्या फ्रेममध्ये पाऊल दोन ठिकाणी अर्धं-अर्धं आहे आणि मधे भिंत.

पुष्कळ फ्रेम मोजल्या. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. अवयव एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत स्वतःच्या जाडीपेक्षा कमी सरकला तर तो शाबूत राहतो. जाडीपेक्षा जास्त सरकला की तुटतो. धड 30 सेंटिमीटर रुंद आहे, ते बरंच सरकलं तरी सापडतं. मनगट सहा सेंटिमीटरचं, ते सात सरकलं की हरवतं. कारणही पटण्यासारखं आहे. लांबची हालचाल शोधण्यासाठी सॉफ्टवेअर आधी चित्र लहान करून बघतं, आणि लहान केलेल्या चित्रात मनगट इतकं बारीक होतं की भिंतीत मिसळून जातं. धडाची वाट सापडते, मनगटाची नाही, मग मनगट धडाच्या नाहीतर भिंतीच्या वाटेला लागतं.

हा काही कुठला शास्त्रीय नियम नाही, माझ्या फुटेजवरचा अंदाज आहे. पण परवाच्या आकड्यांशी तो तंतोतंत जुळतो. उडीच्या माथ्यापासून चौथ्या फ्रेमपर्यंत अंतर साडेपाच सेंटिमीटर, मनगटाच्या जाडीला लागून. म्हणजे माथ्याच्या अलीकडे चार आणि पलीकडे चार, एवढ्याच आठ फ्रेम मला 25 टक्क्यांवर नेता येतील.

20 जानेवारी

`Motion estimation` चे पर्याय बदलून पाहिले. `Enhanced Better` मध्ये मनगट थोडं सावरलं. `Speed Warp` ने, जे फक्त पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत आहे, खांबाची कड बरीच सुधारली, पण बोटं विरघळली. पाचाची चार झाली आणि मग पुन्हा पाच. बोटांचं विरघळणं मला वाकलेल्या कडेपेक्षा जास्त खुपलं. सेटिंग बदलून चूक एका जागेवरून दुसरीकडे जाते. सध्या `Enhanced Better` ठेवलं.

22 जानेवारी

वेगाचा आराखडा ठरला. टाचा सुटल्यापासून पहिल्या दोन फ्रेम 100 टक्क्यांवर. मग माथ्याभोवतीच्या आठ फ्रेम 25 वर, त्यांच्या 32 होतात. पुढच्या चार 50 वर, त्यांच्या आठ. उरलेल्या अकरा, खाली येऊन गादीवर टेकेपर्यंत, पूर्ण वेगात. एकूण 53 फ्रेम, दोन सेकंदांहून किंचित जास्त.

50 टक्क्यांच्या त्या चार फ्रेममध्ये दर फ्रेमचं अंतर 12 सेंटिमीटरपर्यंत जातं, म्हणजे मनगटाचा अंदाज मोडतो. तरी तिथे हात तुटले नाहीत. कारण खाली येताना मुलगा हात डोक्यावर घेतो. हात उभा आहे आणि खालीच चालला आहे, म्हणजे तो आपल्या लांबीच्या दिशेने सरकतो. आडवा पसरलेला हात तेवढाच सरकला असता तर गेला असता. फ्रेमगणिक पाहून खात्री केली.

उरला खांब. माथ्यावर मुलगा जवळजवळ थांबला असला तरी डावा हात पसरण्याच्या ओघात मानेवरून सरकतोच. इथे हाताने दुरुस्ती.

ट्रायपॉडमुळे खांबाचं स्वच्छ चित्र मिळालं: मुलगा फ्रेमबाहेर गेल्यानंतरची एक फ्रेम. ती संथ क्लिपच्या वर ठेवली आणि फक्त मानेच्या दोन्ही कडांभोवती अरुंद मास्क काढला. आता कड सरळ झाली, पण मुलाचा हात खांबाच्या मागे गेल्यासारखा दिसू लागला. म्हणून हाताच्या आकाराचा दुसरा मास्क वजा करायचा, फ्रेमगणिक. 32 फ्रेमपैकी हात मानेवर असलेल्या 14 फ्रेम होत्या. खऱ्या फ्रेमवर हाताची कडा आधी आखली, मधल्यांवर तिला हलवत नेली.

पहिल्या रेंडरमध्ये खांब मेल्यासारखा दिसला. दोन कारणं. एक, मुलगा उडी मारल्यावर खांब खरं तर किंचित थरथरतो, अर्धा-एक पिक्सेल, आणि माझं चित्र ठार स्थिर होतं. दुसरं, गोठवलेल्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याची खसखस हलत नाही. बाकी चित्रात बारीक दाणे नाचतायत आणि मानेच्या पट्ट्यात शांतता. पहिल्यासाठी त्या चित्राला खांबाच्या खालच्या भागाचं ट्रॅकिंग जोडलं. दुसऱ्यासाठी सगळं संथ करून झाल्यावर अख्ख्या शॉटवर नव्याने ग्रेन चढवला. त्याचा आणखी एक फायदा झाला: खऱ्या आणि बनवलेल्या फ्रेममधला तो श्वासासारखा मऊपणा जवळपास झाकला गेला. बनवलेल्या फ्रेममध्ये दोन चित्रं मिसळल्यामुळे मूळ दाणे पुसले जातात, तेच आपल्याला मऊ वाटत असतं.

ग्रेन संथ करण्याआधी चढवून उपयोग नाही. दाण्यांच्याही वाटा शोधल्या जातात आणि ते मुंग्यांसारखे रांगायला लागतात.

25 जानेवारी

दुसरा शॉट: त्याच खांबावरून कोलांटी घेत उतरणारा मोठा मुलगा. ताईंना तोही माथ्यावर संथ हवा होता. इथे मी नाही म्हणालो.

कोलांटीत कंबर माथ्यावर थांबते, पाय थांबत नाहीत. शरीर फिरतंच असतं. अंदाजे सहा दशांश सेकंदात एक फेरी धरली, आणि पाऊल कंबरेपासून मीटरभर दूर, तर पाऊल एका फ्रेममध्ये 40 सेंटिमीटर जातं. पायाच्या जाडीच्या कितीतरी पट. रेंडरमध्ये मुलाचं धड सुरेख वळतं आणि घोट्यांच्या जागी धुराचे लोट. शिवाय एक पाय दुसऱ्यासमोरून जातो, आणि दोन्ही सारखे दिसत असल्यामुळे सॉफ्टवेअर डाव्याला उजवा समजतं. ही चूक मास्कने सुटत नाही, कारण मागे ठेवायला खरं चित्रच नाही.

तो शॉट पूर्ण वेगात ठेवला. त्याआधी मुलगा बोंडावर तोल सांभाळत उभा असतो तो दीड सेकंद 50 टक्क्यांवर नेला. तिथे फक्त छाती वरखाली होते आणि पायाची बोटं लाकडावर घट्ट होतात. हालचाल दोन-तीन पिक्सेलची, फ्लोला काही कष्ट नाहीत. थांबणं लांबवलं आणि उडी तशीच सोडली. ताईंनी दोन्ही पाहिलं आणि हेच ठेवा म्हणाल्या.

28 जानेवारी

सरांना दाखवलं. मुद्दाम काही सांगितलं नाही. माझे डोळे आता त्या कडेला चिकटलेत, त्यांचे नाहीत.

पहिली उडी पाहून ते म्हणाले, "पोरगं छान सुटलंय." मग पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ते मुलाकडे बघतच नव्हते. "खाली येताना घाई झाली का त्याला?" मला वाटलं होतं ते खांबाबद्दल बोलतील. त्यांचं लक्ष पडण्याच्या वेगाकडे होतं. त्यांनी आयुष्यभर मुलांना उड्या मारताना पाहिलं आहे, शरीर केव्हा जड होतं हे त्यांना माहीत आहे. 25 वरून 50 आणि 50 वरून 100 हे टप्पे मी फ्रेमवर कापले होते, आणि पडणारं शरीर असं टप्प्याने वेग घेत नाही.

शिवाय फ्लोचाच एक दोष यात मिसळला होता. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे ते वस्तू एकसारख्या वेगाने सरकवतं, आणि खऱ्या फ्रेमपाशी वेग एकदम बदलतो. माथ्यावर ते जाणवत नाही, खाली येताना किंचित धक्के जाणवतात.

29 जानेवारी

25 ते 50 च्या सांध्याला तीन फ्रेमचं वळण दिलं, 50 ते 100 च्या सांध्यालाही तेवढंच. वळणातल्या सगळ्या फ्रेम बनवलेल्या निघतात, हे माहीत होतं. पुन्हा एकेक पाहिल्या. दुसऱ्या वळणात डाव्या हाताची बोटं एका फ्रेमवर जोडलेली दिसली. त्या फ्रेमपुरतं वळण अर्धी फ्रेम मागे घेतलं, तशी शेजारची खरी फ्रेम जवळ आली आणि बोटं सुटली.

शेवटच्या पूर्ण वेगाच्या अकरा फ्रेमना काही लावलं नाही. संथ भाग आपोआप स्वच्छ आहे कारण मूळ माथा स्वच्छ होता, आणि पायाची पुसट रेघ आता पूर्ण वेगात येते, जिथे ती शोभते.

31 जानेवारी

सरांना पुन्हा दाखवलं. त्यांनी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मी त्यांना सांगितलं की मधल्या फ्रेम बनवलेल्या आहेत. त्यांनी पडद्याजवळ जाऊन खांबाच्या मानेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तेल चमकतंय ते खरं का?" ते खरं आहे. मुलगा गेल्यानंतरच्या फ्रेममधलं आहे, फक्त काही क्षण आधी दाखवलेलं.

मास्टर फाइल ताईंना पाठवली. कॅसेटची 50 फ्रेमची फाइल सरांना वेगळी दिली, मूळ कॅसेटसकट.